फेड पुन्हा रोखे घेतंय, म्हणून एफडी मोडून सोनं घ्यावं का?

वाचकाचं पत्र

“ताई, मी ६२ वर्षांचा, इंदूरला राहतो, सरकारी नोकरीतून निवृत्त झालो. २० लाखांची एफडी आहे, तिच्या व्याजातून घरखर्चाचा बराचसा भाग निघतो. सव्वा वर्षाने मुलीचं लग्न करायचंय, त्यासाठी पाच तोळे तरी घ्यावेच लागतील. माझे साडू रोज सांगतात की अमेरिकेची फेड पुन्हा नोटा छापायला लागली आहे, तिचा ताळेबंद फुगला की सोनं वर जातंच, तेव्हा सगळी एफडी मोडा आणि सोनं घ्या. सोबत त्यांनी दिलेला आलेख पाठवतोय. त्यात दोन्ही रेघा बरोबरीने वर जातात. बायको नको म्हणते. मला आलेख पटतो, पण मन धजत नाही. काय करू?”

नमस्कार.

तुमचा आलेख मी नीट पाहिला. तुम्हीही तो पुन्हा उघडा आणि खालच्या पट्टीवर उजवीकडे शेवटचं वर्ष कोणतं आहे ते वाचा. तिथे २०११ लिहिलंय. सुरुवात २००८ची आहे. या तीन वर्षांत फेडचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, ताळेबंद सुमारे ९० हजार कोटी डॉलरवरून २.८ लाख कोटींच्या पुढे गेला, आणि सोनं ऑक्टोबर २००८मधल्या साधारण ७१० डॉलर प्रति औंसावरून सप्टेंबर २०११मध्ये १,९०० डॉलरच्या आसपास पोचलं. आलेखात खोटं काही नाही. पण तो ज्या महिन्यात थांबतो, त्याच्या पुढच्याच पानावर तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

तिथे जाण्याआधी ‘नोटा छापणं’ या शब्दांपाशी थोडं थांबू या, कारण सगळी गफलत तिथून सुरू होते. मी एका बँकेच्या ट्रेझरीत बरीच वर्षं काम केलं. रिझर्व्ह बँक बाजारातून सरकारी रोखे विकत घ्यायची, तेव्हा आम्हीही काही विकायचो. व्यवहार पुरा झाला की आमच्याकडचे रोखे कमी व्हायचे आणि रिझर्व्ह बँकेतल्या आमच्या खात्यावरची शिल्लक तेवढ्याने वाढलेली स्क्रीनवर दिसायची. बस, एवढंच. नोटांची एकही थप्पी कुठल्या शाखेत यायची नाही. त्या शिल्लकीतून कर्ज वाटायचं की ती तशीच ठेवायची, हे आमच्या हातात असायचं, आणि कर्ज मागणारा चांगला गिऱ्हाईक नसेल तर ती तशीच पडून राहायची.

अमेरिकेत २००८नंतर हेच प्रचंड प्रमाणावर झालं. त्याला क्वांटिटेटिव्ह ईझिंग म्हणतात. फेडने लांब मुदतीचे सरकारी रोखे आणि घरकर्जांवरचे रोखे घेतले, बँकांच्या खात्यांवर शिल्लक जमा केली, आणि तेवढ्याने तिचा ताळेबंद फुगला. ऑक्टोबर २००८पासून फेड त्या शिल्लकीवर व्याजही द्यायला लागली होती, त्यामुळे बँकांनी बराचसा पैसा तिथेच ठेवला. ‘एवढा पैसा ओतला म्हणजे महागाई भडकणार’ असं तेव्हा सगळीकडे बोललं जायचं. ती भडकली नाही. पुढची दहा वर्षं अमेरिकेतली महागाई बहुतेक काळ दोन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखालीच राहिली.

मग सोनं वर का गेलं? फेड लांब मुदतीचे रोखे इतक्या मोठ्या प्रमाणात घेते, तेव्हा त्यांच्या किमती चढतात आणि त्यांच्यावर मिळणारं व्याज उतरतं. सोन्यावर व्याज मिळतच नाही. म्हणून सोनं घरात ठेवण्याची खरी किंमत म्हणजे दुसरीकडे सुरक्षित मिळालं असतं ते व्याज, महागाई वजा करून. तुमच्याच एफडीवर बघा. व्याज सात टक्के आणि महागाई चार असेल तर हातात तीन उरतात, आणि सोनं घेणाऱ्याला हे तीन टक्के सोडावे लागतात. व्याज पाच आणि महागाई सहा झाली, तर एफडीच दरवर्षी एक टक्का झिजते. अशा वेळी बिनव्याजी सोन्याचा कोणाला त्रास वाटत नाही. अमेरिकेत या उरलेल्या व्याजाचा रोजचा आकडा मिळतो, कारण तिथे महागाईशी जोडलेले सरकारी रोखे आहेत. दहा वर्षांच्या अशा रोख्यावरचं व्याज ऑगस्ट २०११मध्ये शून्यापाशी आलं आणि २०१२च्या अखेरीस उणे पाऊण टक्क्याच्याही खाली गेलं. साडूंच्या आलेखातली ताळेबंदाची रेघ ही लांबून दिसणारी सावली आहे. सोन्याला ढकलत होतं ते हे व्याज.

आता पुढचं पान.

सप्टेंबर २०१२मध्ये फेडने या रोखे खरेदीची तिसरी फेरी जाहीर केली. आधी महिन्याला ४,००० कोटी डॉलरचे रोखे, जानेवारी २०१३पासून ८,५०० कोटींचे, आणि किती महिने ते मोघम ठेवलेलं. इतकी उघड हमी आधी कधी मिळाली नव्हती. सोनं तेव्हा पावणेअठराशेच्या आसपास होतं. त्या दिवशी तुमच्या साडूंसारख्या कोणी सोनं घेतलं असतं, तर त्याचं काय झालं असतं? ताळेबंदाच्या बाबतीत तो शंभर टक्के बरोबर ठरला असता. २०१३च्या अखेरीस ताळेबंद चार लाख कोटी डॉलरवर होता, पुढच्या वर्षी साडेचार लाख कोटींवर. आणि सोनं २०१३च्या अखेरीस १,२०० डॉलरवर, डिसेंबर २०१५मध्ये १,०५० डॉलरवर आलं.

बाजार आज किती रोखे घेतले जाताहेत ते मोजत नाही, तो पुढे किती घेतले जातील याचा अंदाज बांधतो. तिसऱ्या फेरीची बातमी येईपर्यंत ती भावात मुरलेली होती. अमेरिकेची अर्थव्यवस्था सावरू लागली, महागाई आली नाही, आणि विक्रीला सुरुवात झाली. १२ आणि १५ एप्रिल २०१३ या लागोपाठच्या दोन व्यवहारांच्या दिवसांत सोनं औंसामागे सुमारे २०० डॉलरनी पडलं. २२ मे रोजी फेडचे अध्यक्ष बेन बर्नान्की म्हणाले की पुढच्या काही बैठकांत खरेदीचा वेग कमी होऊ शकतो. वेग कमी होणं प्रत्यक्षात डिसेंबरात जाहीर झालं, म्हणजे मधले सात महिने खरेदी पूर्ण वेगाने चालूच होती. तरी ते महागाई वजा जाता उरणारं व्याज उणेमधून उठून सप्टेंबरपर्यंत अधिक पाऊण टक्क्याच्या वर गेलं. न्यूयॉर्कमधला सोन्याचा सगळ्यात मोठा फंड वर्षाच्या सुरुवातीला साडेतेराशे टन सोनं बाळगून होता, वर्षअखेर त्याच्याकडे आठशेच्या आसपास उरलं.

रुपयांत हिशेब करू या. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२मध्ये आपल्याकडे दहा ग्रॅम साधारण ३१ हजारांना होतं, २०१५च्या अखेरीस २५ हजारांच्या आसपास. दहा लाख घातलेल्याचे आठ लाख उरले. त्याच वेळी एफडीवर नऊ टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होतं, म्हणजे तीन वर्षांत दहाचे जवळपास तेरा झाले असते. हा फरक मला आजही अस्वस्थ करतो, कारण त्या काळात निवृत्तीचे पैसे घेऊन ‘अमेरिका नोटा छापतेय ना?’ असं विचारत आलेली माणसं मी समोर बसलेली पाहिली आहेत.

तुम्ही म्हणाल, पण मला तर तेव्हा सराफ्यात भाव वाढलेलाही आठवतो. बरोबर आठवतं तुम्हाला. माझे मामा इंदूरच्या सराफ्यातच मुनीम होते. दिवसा दुकान, आणि रात्री त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याच्या किसाच्या कढया लागायच्या आत चोपडी बंद. त्या लांबट लाल चोपडीत ते रोज तीन रकाने भरायचे: न्यूयॉर्कचा भाव, डॉलरचा रुपयांतला दर, आणि दुकानाचा भाव. कस्टम ड्यूटी बदलली की समासात लाल शाईने लिहायचे. २०१३च्या जून आणि ऑगस्टची पानं शेजारी ठेवली तर सगळं उलगडतं.

जूनच्या अखेरीस सोनं १,२०० डॉलर, डॉलर ६० रुपयांच्या आसपास, ड्यूटी ८ टक्के. एका औंसात ३१.१ ग्रॅम असतात, तेव्हा दहा ग्रॅमचे झाले साधारण ३८६ डॉलर, म्हणजे २३,१५० रुपये, त्यावर ड्यूटी घालून २५ हजार. ऑगस्टच्या अखेरीस सोनं साधारण १,४०० डॉलर, रुपया घसरून एका डॉलरला ६८.८०, आणि ड्यूटी १० टक्के. आता दहा ग्रॅमचे ४५० डॉलर, म्हणजे जवळपास ३१ हजार रुपये, ड्यूटीसकट ३४ हजार. दोन महिन्यांत भाव छत्तीस टक्के चढला. त्यातला निम्म्याच्या जवळपास हिस्सा जगातल्या सोन्याचा होता. बाकीचा रुपयाच्या घसरणीचा आणि ड्यूटीचा. आणि गंमत अशी की रुपया पडला तोही फेड खरेदी कमी करणार या भीतीनेच, म्हणजे ज्या बातमीने डॉलरमधलं सोनं खाली आलं, तिनेच आपल्याकडचं सोनं सावरून धरलं. हे एकदा लक्षात आलं की ‘फेडने छापलं म्हणून वाढलं’ हे वाक्य इंदूरमध्ये बसून किती अपुरं आहे ते दिसतं.

आता तुमच्या साडूंच्या बाजूने बोलते, कारण त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नव्हे. २०२०मध्ये कोरोनाच्या वेळी फेडने काही महिन्यांत ताळेबंद चार लाख कोटींवरून सात लाख कोटींवर नेला, ते उरलेलं व्याज उणे एक टक्क्यापर्यंत गेलं, आणि सोन्याने ऑगस्टमध्ये प्रथमच २,००० डॉलर ओलांडले. यावेळी सरकारने लोकांच्या खात्यांत थेट पैसेही दिले होते, म्हणून पुढे महागाईही आली, जून २०२२मध्ये ९.१ टक्के. व्याजाचा नियम तिथे पुन्हा खरा ठरला.

पण त्यानंतर तो नियमही लंगडा पडला, आणि हे मी लपवून ठेवणार नाही. जून २०२२पासून फेडने ताळेबंद उलटा कमी करायला घेतला. जवळपास नऊ लाख कोटींवरून तो २०२४च्या अखेरीस सात लाख कोटींच्या खाली आला. उरलेलं व्याज उणे एकवरून ऑक्टोबर २०२३मध्ये अधिक अडीच टक्क्यांपर्यंत चढलं. जुन्या हिशेबाने सोनं कोसळायला हवं होतं. ते २०२२च्या शरदात १,६३०पर्यंत उतरलं खरं, पण तिथून फिरलं, २०२४च्या अखेरीस २,६००वर होतं आणि ऑक्टोबर २०२५मध्ये ४,००० पार गेलं. कारण दुसराच गिऱ्हाईक बाजारात उतरला होता. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाची परदेशांत ठेवलेली सुमारे ३० हजार कोटी डॉलरची गंगाजळी गोठवली गेली, आणि अनेक देशांच्या मध्यवर्ती बँकांनी त्यातून धडा घेतला की दुसऱ्याच्या देशात ठेवलेले रोखे अडवले जाऊ शकतात, आपल्या तिजोरीतलं सोनं नाही. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत मध्यवर्ती बँकांनी मिळून दरवर्षी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. जगातल्या खाणींतून वर्षाला साधारण ३,६०० टन निघतं, त्यावरून प्रमाण लक्षात घ्या. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही २०२४मध्ये सत्तरहून अधिक टन घेतलं. हे खरेदीदार व्याजाकडे पाहून घेत नाहीत. फेडचा ताळेबंद आकसत असताना सोनं चढलं, याचं मोठं कारण ते आहेत.

म्हणजे साडूंच्या दोन रेघा २००८ ते २०११ बरोबर चालल्या, २०१२ ते २०१५ उलट्या, २०२०मध्ये पुन्हा बरोबर, आणि २०२२नंतर परत उलट्या.

‘पुन्हा छापायला लागली’ या बातमीचंही बघू. डिसेंबर २०२५मध्ये फेडने ताळेबंद आकसणं थांबवलं आणि सुरुवातीला महिन्याला ४,००० कोटी डॉलरची खरेदी जाहीर केली. आकडा २०१२सारखाच आहे म्हणून लोक बिचकले. पण काय घेतलं जातंय ते वाचायला हवं. ही खरेदी ट्रेझरी बिलांची होती, म्हणजे वर्षाच्या आतल्या मुदतीच्या कागदांची. बँकांच्या खात्यांवरची शिल्लक फार आटली की एका रात्रीच्या कर्जाचे दर उसळतात. सप्टेंबर २०१९मध्ये ते तसे उसळले होते आणि तेव्हाही फेडने अशीच बिलं घेतली होती. टाकीत पाणी कमी पडू नये म्हणून नळ थोडा सोडण्याचा हा प्रकार. लांब मुदतीचं व्याज खाली दाबणं हा त्याचा उद्देश नसतो, आणि सोन्याला हात लागतो तो त्या लांब मुदतीच्या व्याजातून. फेड उद्या दहा-तीस वर्षांचे रोखे घ्यायला लागली, तर ती वेगळी बातमी असेल. साडूंना पडताळून पाहायचं असेल, तर सेंट लुईस फेडच्या FRED या मोफत संकेतस्थळावर WALCL टाकलं की ताळेबंद दिसतो आणि DFII10 टाकलं की ते महागाई वजा जाता उरणारं व्याज. दोन्हींची सुरुवात २००३पासून लावा, २००८पासून नको.

आता तुमचे वीस लाख.

एफडी सगळी मोडू नका. भाव पडेल असं माझं भाकीत नाही, तो वाढूही शकतो. माझी काळजी त्या व्याजाची आहे ज्यातून तुमचा किराणा आणि वीजबिल जातं. साडेसहा टक्के धरले तरी महिन्याला १०,८०० रुपये येतात. सोनं ते देणार नाही, आणि दर महिन्याला थोडं थोडं सोनं मोडून घर चालवणं म्हणजे भाव पडलेला असतानाही विकणं. ऑगस्ट २०१३ ते २०१५ची अखेर या काळात रुपयांतला भाव चौथ्या हिश्शाने उतरला होता. वीस लाखांवर तसं झालं तर पाच लाख जातील आणि सव्वादोन वर्षांचं व्याजही. दोन लाखांवर झालं तर पन्नास हजार जातील, झोप जाणार नाही. म्हणून गुंतवणूक म्हणून सोनं हवंच असेल तर दोन लाखांच्या आसपास थांबा. ते गोल्ड ईटीएफमध्ये, म्हणजे शेअर बाजारात मिळणाऱ्या सोन्याच्या फंडात घ्या, घडणावळ जात नाही, आणि दोन-तीन हप्त्यांत घ्या.

लग्नाच्या पाच तोळ्यांची गोष्ट वेगळी. ते घ्यायचेच आहेत, त्यामुळे तिथे भाव वाढणं हा तुमच्यासाठी खरा धोका आहे आणि साडूंची घाई तेवढ्यापुरती योग्य आहे. सव्वा वर्षात पाच वेळा, साधारण तीन-तीन महिन्यांनी दहा-दहा ग्रॅम असं घ्या, म्हणजे एकाच दिवसाच्या भावावर सगळं अवलंबून राहणार नाही. त्यासाठी एफडीचा जेवढा भाग लागेल तेवढाच सोडवा. बँक तुकड्याने मोडू देत नसेल, तर मुदत संपेल तेव्हा एकाच मोठ्या एफडीऐवजी चार-पाच वेगवेगळ्या मुदतींच्या करा, आणि तोवर एफडीवर मिळणाऱ्या ओव्हरड्राफ्टचा दर विचारून ठेवा. मुदतीआधी मोडण्याचा दंड आणि हा दर यांतलं जे स्वस्त पडेल ते घ्या.

घेताना नाणी जमवून शेवटी दागिने करू नका. नाण्यावर तीन टक्के जीएसटी भरलेला असतो, ते देऊन दागिना घेतला की दागिन्याच्या किमतीवर पुन्हा भरावा लागतो. मुलीला विचारून आत्ताच ठरवा: मंगळसूत्र किती ग्रॅमचं, बांगड्या किती, गळ्यातलं काय. मग एकेक दागिनाच घ्या. घडणावळ टक्क्यात सांगितली तर रुपयांत लिहून मागा, आणि प्रत्येक दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा हॉलमार्कचा क्रमांक दुकानात उभं राहूनच बीआयएस केअर ॲपवर तपासा. आणि त्या खरेदीला बायकोलाही सोबत न्या, ‘नको’ म्हणण्यामागचं त्यांचं गणित बहुधा त्या १०,८०० रुपयांचंच असेल.